बाबा अख्खा पेपर वाचतात, मग गोळ्यांच्या पट्टीवरचं नाव का अडतं?

सातरस्ता_मीरा

श्रावणात बाबांना स्ट्रोक आला. चार महिने झाले. उजवा हात बराच सुधारलाय, बोलणं जरा अडखळत होतं पण कळतं. बाबा यंत्रमाग कारखान्यात हिशेबनीस होते. सकाळी चहासोबत पेपर मोठ्याने वाचायची त्यांची जुनी सवय, ती परत सुरू झाली म्हणून आम्ही खुशीत होतो. बाजारभाव, निधनवार्ता, सिद्धेश्वर यात्रेच्या तयारीच्या बातम्या, सगळं वाचतात. वेग कमी, पण वाचतात.

परवा रात्री गोळ्यांची पट्टी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, बाबा, नाव वाचून मगच घ्या. देवनागरीत ठळक छापलेलं होतं, क्लोपिडोग्रेल. बाबांनी पट्टी दिव्याकडे धरली, जवळ घेतली, लांब नेली, आणि म्हणाले, "क्लोरोफॉर्म." आईच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला.

मी दुसरी गोळी दिली, ॲटोरव्हास्टॅटिन. त्यावर "ऑटोरिक्षा" म्हणाले आणि स्वतःच हसले, कारण ते चुकलंय हे त्यांनाही कळलं होतं. चष्म्याचा नंबर तपासून झाला, ठीक आहे. पेपरातली अक्षरं तर पट्टीपेक्षा बारीक असतात. मग हे काय आहे? कुणाला अनुभव आहे का?

गड्डा_फॅन

ताई, याला डिस्लेक्सिया म्हणतात. अक्षरं उलटी दिसतात. शाळेत माझ्या मित्राला होता, तो ब आणि व मध्ये गोंधळायचा. रंगीत काच लावून वाचायला द्या.

सातरस्ता_मीरा

उलटी दिसत असती तर पेपरही वाचता आला नसता ना दादा?

कडक_भाकरी

काय बे, औषधांची नावं मला पण वाचता येत नाहीत आणि मला स्ट्रोक नाही आला. कंपनीवाले मुद्दाम ठेवतात तसली. काकांना त्रास देऊ नका, तारीख बघा आणि गोळी द्या.

वाणी_उपचार

मी स्पीच थेरपिस्ट आहे, मूळची सोलापूरची, आता पुण्यात. कडक_भाकरी यांनी थट्टेत लिहिलंय, पण धागा तिथूनच पकडते. तुम्हाला औषधाचं नाव अवघड जातं म्हणजे तुम्ही अडखळत का होईना, क्लो-पि-डो-ग्रेल असं जुळवत जाता आणि शेवटी पोचता. काकांनी जुळवलंच नाही. दिसलेल्या शब्दाच्या आसपासचा, आधीपासून डोक्यात असलेला एक शब्द उचलला. 'क्लोरोफॉर्म' आणि 'ऑटोरिक्षा' हे दोन्ही खरे शब्द आहेत, हे बघा. चुकताना त्यांनी निरर्थक काही उच्चारलं नाही, ओळखीच्याच शब्दात जाऊन पडले. फरक इथे आहे.

वाचण्याचे आपल्याकडे दोन मार्ग असतात असं मानणारं एक प्रारूप आहे. एका मार्गात शब्द पाहिला की तो पूर्ण ओळखला जातो, माणसाचा चेहरा ओळखावा तसा. 'सोलापूर' वाचताना तुम्ही सो, ला, पू करत बसत नाही. दुसऱ्या मार्गात अक्षरामागून अक्षराचा उच्चार काढून जुळवावा लागतो. पहिल्यांदाच दिसलेल्या शब्दाला दुसराच मार्ग उपयोगी पडतो, कारण पहिल्यात त्याची नोंदच नसते. काकांसाठी पेपरातले बहुतेक शब्द जुने ओळखीचे, आणि क्लोपिडोग्रेल म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा भेटलेला पाहुणा. त्यांचा दुसरा मार्ग अडलाय असा माझा अंदाज आहे. अंदाजच, कारण काकांना मी तपासलेलं नाही.

निवृत्त_मास्तर

वाणीताई, थोडा विरोध करतो. चाळीस वर्षं मराठी शिकवलं. आपल्या भाषेत लिहितो तसंच बोलतो, मग दोन मार्ग लागतातच कशाला? इंग्रजीची गोष्ट वेगळी, तिथे शब्द पाठच करावे लागतात. मला वाटतं मराठी माणसाचा फक्त जुळवण्याचा मार्ग असतो.

वाणी_उपचार

मास्तर, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. मराठीत जवळजवळ सगळं जुळवून वाचता येतं, हे खरं. पण वाचता येतं म्हणून आपण तसंच वाचतो असं नाही. तुमचंच म्हणणं काकांना लावून बघा. जुळवणं हा एकच मार्ग असता आणि तो बिघडला असता, तर पेपरही गेला असता. पेपर शाबूत आहे.

आणि 'लिहितो तसंच बोलतो' याला एक मोठी फट आहे. चाक आणि चक्र मोठ्याने वाचा. एकच च, पण उच्चार दोन. चूल, चोर, चव एका बाजूला, चंद्र, चरण दुसऱ्या बाजूला. जवळ आणि जल तसंच. कागदावर कुठेही खूण नाही. शब्द माहीत असेल तरच उच्चार बरोबर येतो.

निवृत्त_मास्तर

हे मात्र खरं. मुलांना चाकातला च शिकवताना घसा कोरडा पडायचा.

शून्य_एक

मी संगणकवाला, या विषयावर थोडंफार वाचलंय. वाणीताई, एका रुग्णावरून दोन मार्ग सिद्ध होत नाहीत. नवे शब्द हे मुळात जास्त कठीण काम आहे. यंत्र थोडं दुखावलं की कठीण काम आधी जाणारच, सोपं टिकणार. एकच मार्ग, थोडा कमजोर झालेला, एवढ्यावरही काकांचं सगळं समजावता येतं.

वाणी_उपचार

बरोबर प्रश्न. म्हणूनच उलटा रुग्ण सापडणं महत्त्वाचं होतं.

१९७३ मध्ये मार्शल आणि न्यूकोम यांनी मेंदूला इजा झालेल्या काही इंग्रजी वाचकांच्या चुका बारकाईने मांडल्या. त्यात जे. सी. नावाने नोंदलेला एक माणूस होता. त्याच्यासमोर 'लिसन' हा शब्द ठेवला, म्हणजे ऐकणे. त्याच्या स्पेलिंगमधला टी मूक असतो. जे. सी.ने तो टी उच्चारून 'लिस्टन' वाचलं. आणि पुढे म्हणाला, तो बॉक्सर. सनी लिस्टन नावाचा मुष्टियोद्धा होता, तो त्याला आठवला. म्हणजे त्याने शब्द ओळखून उच्चारला नाही. आधी अक्षरं जुळवून उच्चार केला, मग स्वतःच्या तोंडून जे ऐकलं त्याचा अर्थ लावला. हा सरफेस डिस्लेक्सिया. शब्दाच्या नुसत्या वरच्या रूपावरून वाचणं.

काकांसारख्या नमुन्याला फोनोलॉजिकल डिस्लेक्सिया म्हणतात, म्हणजे उच्चार जुळवण्यातला बिघाड. १९७९ मध्ये फ्रान्समध्ये बोव्वा आणि देरुएने यांनी तो पहिल्यांदा नीट वेगळा काढला. पुढे १९८३ मध्ये एलेन फनेल यांनी डब्ल्यू. बी. या रुग्णाची नोंद केली. खरे शब्द तो शंभरातले पंच्याऐंशीच्या आसपास वाचायचा, पण बनावट, म्हणजे अर्थच नसलेला शब्द एकही नाही. दुसऱ्या टोकाला १९८५ मधली एम. पी. तिला बनावट शब्द जमायचे, नियमात बसणारे शब्द जमायचे, पण क्वचित दिसणारे बेशिस्त स्पेलिंगचे शब्द ती नियमाने ओढून वाचायची. इंग्रजीत पी-आय-एन-टी लिहून 'पाइंट' म्हणतात. असा रुग्ण त्याला 'मिंट'शी जुळवून 'पिंट' म्हणतो.

आता शून्य_एक, तुमचा 'कठीण ते आधी जातं' हा मुद्दा इथे लावा. एम. पी.साठी कठीण काय आणि सोपं काय?

शून्य_एक

मान्य. एकाला जे सोपं ते दुसरीला कठीण, म्हणजे अवघडपणाची एकच शिडी चालत नाही.

भैय्या_चौक_रिक्षा

मला एवढंच कळलं की सोलापूरहून पंढरपूरला मोहोळवरून जाता येतं आणि मंगळवेढ्यावरून पण. मोहोळचा रस्ता बंद पडला तरी एक जण पोचला, मंगळवेढ्याचा बंद पडला तरी दुसरा पोचला, म्हणजे रस्ते दोन. असंच ना ताई?

वाणी_उपचार

अगदी तसंच. आणि ज्या गावाला एकाच रस्त्याने जाता येतं, ते गाव रस्ता बंद झाला की तुटतं. बेशिस्त स्पेलिंगचा शब्द म्हणजे फक्त मोहोळच्या रस्त्यावरचं गाव, बनावट शब्द म्हणजे फक्त मंगळवेढ्याच्या रस्त्यावरचं. साधा नियमित शब्द दोन्हीकडून गाठता येतो, म्हणून तो दोन्ही रुग्णांत टिकतो.

शून्य_एक

पण भैय्या, घाई करू नका. रस्ता एकच धरा. त्यावर बारीक वाळू पसरली तर दुचाकी घसरते आणि ट्रक जातो. त्याच रस्त्यावर कमी उंचीचा पूल असला तर ट्रक अडतो आणि दुचाकी जाते. उलटसुलट अडचणी दिसल्या, रस्ता मात्र एकच. दोन रुग्णांचे उलटे नमुने दिसले म्हणून दोन मार्ग असलेच पाहिजेत असं होत नाही, एकाच व्यवस्थेत दोन वेगळ्या जागी बिघाडही असू शकतो.

ही माझी फेकाफेकी नाही. सायडनबर्ग आणि मॅकलेलंड यांनी १९८९ मध्ये संगणकावर असं जाळं बनवलं, ज्यात शब्दांची वेगळी यादीही नाही आणि वेगळे नियमही नाहीत. अक्षरांपासून उच्चारापर्यंत एकच शिकलेलं जाळं. ते बनावट शब्दांत कच्चं पडलं, त्यावर टीकाही झाली. मग १९९६ मध्ये प्लाउट आणि सहकाऱ्यांनी सुधारलेली आवृत्ती आणली, ती बनावट शब्दही माणसांइतपत वाचायला लागली. त्यांच्या मते उच्चाराची एकूण यंत्रणाच कमजोर झाली की काकांसारखा नमुना येतो, आणि अर्थाचा आधार सुटला की जे. सी.सारखा.

वाणी_उपचार

वाळू आणि पूल आवडले. वर्गात वापरीन.

तुमच्या गटाच्या बाजूने एक भक्कम गोष्ट मीच सांगते. स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकारात माणसाचे शब्दांचे अर्थच हळूहळू पुसले जातात. तसल्या रुग्णांत सरफेस नमुना फार दिसतो, म्हणजे अर्थ आणि बेशिस्त शब्द यांचं नातं आहेच. पण दोन मार्गवाल्यांनी २००५ मध्ये ई. एम. ही रुग्ण पुढे आणली. अर्थ बराच गेलेला, तरी बेशिस्त शब्द नीट वाचत होती. मग २००७ मध्ये तुमच्या बाजूच्या वूलम्स आणि सहकाऱ्यांनी याच स्मृतिभ्रंशाच्या ५१ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यांचं उत्तर असं की सुरुवातीला काही जण सुटतात, पण आजार वाढला की जवळजवळ सगळेच सरफेस नमुन्यात येतात. दोन मार्गवाले म्हणतात, आजार वाढतो तेव्हा मेंदूचा शेजारचा भागही जातो, मग दोन्ही गोष्टी एकत्र गेल्या तर नवल काय? हा वाद अजून मिटलेला नाही. मी दोन मार्गांकडे झुकते, कारण तपासणीची यादी बनवायला ते हाताशी येतात. हे काही मोठं तात्त्विक कारण नाही, कबूल.

सातरस्ता_मीरा

मला यातलं निम्मं डोक्यावरून गेलं, पण यादी म्हणालात तेवढं पकडलं. ती मी घरी करून बघू का?

वाणी_उपचार

करा. खऱ्या तपासणीची ही जागा घेणार नाही, पण तुमच्या डॉक्टरांना दाखवता येईल.

वीस साधे शब्द घ्या. गिरणी, चादर, भाकरी, तलाव असे. प्रत्येकाचं एक अक्षर बदलून वीस बनावट शब्द करा. गिरडा, चादल, भाकली, तमाव. लांबी सारखी ठेवा, नाहीतर लांब शब्द कठीण म्हणून चुकले की काय तेच कळणार नाही. काही बनावट शब्द खऱ्यापासून लांबचेही घाला, सोमूक, टेबगा असले, कारण 'चादल' पाहून धडधाकट माणूसही घाईत 'चादर' म्हणतो. एका कार्डावर एकच शब्द, खरे आणि बनावट मिसळून. काकांना आधी सांगा की यातले काही शब्द खोटे आहेत. घाई करू नका.

त्यानंतरचं विसरू नका. त्याच बनावट शब्दांतले दहा तुम्ही बोला आणि काकांना फक्त मागून म्हणायला सांगा. ऐकून 'सोमूक' म्हणता येत नसेल तर बिघाड तोंडात किंवा ऐकण्यात आहे, वाचनाला दोष देऊन उपयोग नाही.

शेवटी चाक, चूल, चंद्र, जवळ, जल असे दहा. इथे ते बरोबर येतील असं वाटतं.

कडक_भाकरी

ताई, आमच्या शेजारचे कन्नड घरातले काका जन्मभर चाकाला चक्रातलाच च लावतात. त्यांना पण सरफेस का?

वाणी_उपचार

नाही हो, आणि ही शंका अगदी सोलापुरी आहे. आजारापूर्वी माणूस कसं बोलायचा ते आधी विचारायचं. कार्ड न दाखवता चाकाचं चित्र दाखवून नाव विचारा. चित्र बघूनही तोच उच्चार आला तर तो त्यांचा बोलण्याचा उच्चार आहे, वाचनाशी संबंध नाही. मराठीत सरफेस नमुना पकडणं यामुळेच जिकिरीचं आहे. च, ज आणि झ सोडले तर त्याला लपायला जागा भरपूर, सगळं जुळवून वाचलं तरी बरोबरच येतं. लिहिताना मात्र तो जास्त उघडा पडतो, ऱ्हस्व-दीर्घात.

पालक_विजापूररोड

माझा प्रश्न वेगळा आहे. भाचा पाचवीत, इंग्रजी माध्यम. 'आयर्न'ला आयरॉन म्हणतो, आयलंडला इसलँड, आणि लिसनला लिस्टेनच. म्हणजे त्याला सरफेस डिस्लेक्सिया पक्का ना? शाळेला पत्र देऊ का?

वाणी_उपचार

पत्र थांबवा. घरी इंग्रजी न बोलणाऱ्या, अक्षरांचे आवाज जुळवायला नुकत्याच शिकलेल्या मुलाने याहून वेगळं काय वाचायचं? 'आयलंड' त्याने किती वेळा छापलेलं पाहिलंय?

मुलांत हे दोन्ही नमुने आहेत का, हा प्रश्न कॅसल्स आणि कोल्टहार्ट यांनी १९९३ मध्ये वाचनात मागे पडलेल्या ५३ मुलांवर तपासला आणि दोन्ही सापडले म्हटलं. पण त्यांनी तुलना त्याच वयाच्या मुलांशी केली होती. पुढच्या काही वर्षांत इतरांनी वयाने लहान पण वाचनात तेवढ्याच पातळीच्या मुलांशी तुलना केली. तेव्हा फोनोलॉजिकल नमुन्याची मुलं वेगळी उरली, पण सरफेसवाल्यांपैकी बहुतेक त्या लहान मुलांसारखीच निघाली. म्हणजे बिघाडापेक्षा उशीर, किंवा वाचनच कमी. त्याला बनावट इंग्रजी शब्द जमतात आणि मराठी बालमासिक सरळ वाचतो का, तेवढं बघा.

पालक_विजापूररोड

मराठी तो वाचतच नाही. तिथे आमचीच चूक. पण वर्गातली बाकीची मुलं बरोबर वाचतात, ते कसं?

निवृत्त_मास्तर

बाकीच्यांना क्लासमध्ये पाठ करून घेतलं असेल.

सातरस्ता_मीरा

तीन दिवसांनी आले. कार्डं जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर केली, बाबा आधी पत्रिकाच वाचत बसले.

साधे शब्द वीसपैकी अठरा. एका ठिकाणी 'बाजारातून'ला 'बाजारात' म्हणाले. बनावट वीसपैकी तीन, ते तिन्ही दोनच अक्षरांचे. चादल चादर झाली, भाकली भाकरी झाली, तमावचा तलाव. सोमूकवर बराच वेळ बोट ठेवून बसले, "सो" म्हणाले, मग "मू", आणि दोन्ही एकत्र करायला गेले की "सोमवार". चार वेळा सोमवार. शेवटी कार्ड उलटं ठेवलं.

मग मी तोंडाने सोमूक म्हटलं, लगेच म्हणाले. दहापैकी नऊ. च-जची सगळी दहाच्या दहा.

वाणी_उपचार

छान केलंत. सोमूकची गोष्ट तर मला व्हिडिओ पाहिल्यासारखी दिसली. त्यांना सो येतो, मू येतो, म्हणजे एकेका अक्षराचा आवाज शाबूत आहे. ते आवाज धरून ठेवून एकत्र बांधायचं काम तुटलंय, आणि तेवढ्यात दुसऱ्या मार्गाने ओळखीचा सोमवार धावत येतो. उपचार सुरू करायची जागा ही, दोन अक्षरं जोडण्यापासून. माझा अंदाज आता पुष्कळ पक्का झाला.

'बाजारातून'चं 'बाजारात' हेही नोंदून ठेवा. प्रत्यय गळणं अशा रुग्णांत दिसतं. एक मात्र लक्ष ठेवा, 'छत्री' पाहून 'पाऊस' म्हणाले, अर्थाने जवळचा पण अक्षरांनी अजिबात न जुळणारा शब्द आला, तर तो वेगळा आणि जास्त खोल नमुना असतो. तसं दिसलं तर थेरपिस्टना आधी ते सांगा.

गोळ्यांसाठी तोवर नाव वाचायला लावू नका. सकाळ-रात्रीचे कप्पे असलेली डबी घ्या आणि गोळ्या तुम्ही भरा.

शून्य_एक

बघा, एकत्र बांधता येत नाही म्हणजे उच्चाराची साठवण कमजोर, आमच्या बाजूचाच पुरावा.

वाणी_उपचार

दहापैकी नऊ ऐकून म्हटले ना त्यांनी? साठवण एवढी कमजोर असती तर तेही पडले असते.

शून्य_एक

ऐकून म्हणणं सोपं असतं. अक्षरांची अदलाबदल करायला सांगा, 'सोमूक'मधला सो काढून काय उरतं विचारा, मग बोलू.

वाणी_उपचार

हे रास्त आहे. मीराताई, जमलं तर हेही तोंडीच विचारा, कार्ड न दाखवता.

सातरस्ता_मीरा

विचारलं. "मूक" म्हणाले, पण पाचपैकी दोनदाच जमलं. कुणाच्या बाजूने धरायचं ते तुम्ही ठरवा.

आणि एक गंमत. आज सकाळी मी डबी भरत होते, पट्टी तिथेच पडली होती. बाबांनी उचलली आणि सरळ वाचलं, "क्लोपिडोग्रेल." मी उडालेच. बरे झाले म्हणायचे का?

वाणी_उपचार

आठवडाभर घरात ते नाव किती वेळा उच्चारलं गेलं आणि पट्टी किती वेळा डोळ्यांसमोर आली?

सातरस्ता_मीरा

आई तर दिवसातून दहा वेळा पट्टी नाचवत त्या क्लोरोफॉर्मचा किस्सा सगळ्यांना सांगते.

वाणी_उपचार

मग क्लोपिडोग्रेल आता काकांसाठी नवा शब्द राहिला नाही, चादरीसारखा ओळखीचा झाला. दुसरी पट्टी दाखवा.

सातरस्ता_मीरा

दाखवली. ऑटोरिक्षा.